वरणभातावरचा आरोप

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसानं व्यायामशाळेत जाऊ नये असा काही कायदा नाही. पण गेल्यावर तिथल्या आरशांकडे बघू नये असा एक जरूर असावा. आमच्या डोंबिवलीतल्या व्यायामशाळेला, म्हणजे जिमला, चारही बाजूंनी आरसे आहेत. त्यामुळे माणूस कुठंही उभा राहिला तरी स्वतःला चार दिशांनी दिसतो. चौघांपैकी एकाचीही तब्येत बरी दिसत नाही.

मी तिथं हौसेनं गेलो नव्हतो. गेल्या दिवाळीत नाना, म्हणजे माझे वडील, बाथरूममध्ये घसरून बसले. सुदैवानं हाड मोडलं नाही, पण त्यांना उठवता येईना. नानांचं वजन अठ्ठावन्न किलो, माझं एकोणसाठ. मी काखेत हात घातला, जोर लावला आणि शेजारी जाऊन बसलो. शेवटी वॉचमन आणि वरच्या मजल्यावरच्या मुलानं मिळून आम्हां दोघांना उठवलं. नाना एवढंच म्हणाले, "मी भिंतीला धरून उठलो असतो रे, पण तू वाटेत होतास." पुढं नाना थोरल्या भावाकडं साताऱ्याला गेले आणि जानेवारीत मी जिमचे पैसे भरले.

पहिले पाच महिने मी स्वतःवर खूश होतो. आमचा ट्रेनर चोवीस वर्षांचा. मला 'काका' म्हणतो आणि माझ्याकडून आजोबांना शोभेल अशा बेतानं व्यायाम करून घेतो. जानेवारीत बेंच प्रेस म्हणून माझ्या छातीवर नुसती रिकामी दांडी ठेवली होती. ती रिकामी असली तरी वीस किलोची असते, हे मला ती छातीवर आल्यावर कळलं. जूनच्या मध्यापर्यंत तीच दांडी मी दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा किलोची चकत्या लावून, म्हणजे एकूण पंचेचाळीस किलो, पाच-पाच वेळा असं तीनदा उचलत होतो. वजनही एकोणसाठावरून बासष्टावर आलं होतं. कचेरीत कुणी "तब्येत सुधारली हं" म्हटलं की मी शर्टाची बाही उगीचच दुमडायचो.

आणि मग गाडी अडली. जून संपला, जुलै गेला, पण पंचेचाळीसचे साडेसत्तेचाळीस काही होईनात. उलट पाच-पाच-पाचाचं पाच-चार-तीन झालं. तिसऱ्या वेळी दांडी छातीवर अशी विसावायची, की तिला आता तिथंच राहायचं आहे. आमच्या ट्रेनरकडं यावर एकच औषध होतं. तो कानाशी येऊन "काका, अजून एक! अजून एक!" असं ओरडायचा. मी चेव येऊन आणखी दोन फेऱ्या मारायचो, आठवड्याच्या तीन दिवसांचे चार दिवस केले, आणि आकडा मात्र जागचा हलला नाही.

आता पराभव झाला की माणूस आरोपी शोधतो. मला तो ताटातच सापडला. आमच्या घरी वरण, भात, पोळी, भाजी, उसळ असला सात्त्विक कारभार. एका रात्री जेवताना मी पातळ वरणाच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणालो, "या असल्या खाण्यावर कुठं ताकद वाढते? उद्यापासून डबा आणतो पावडरीचा. महिन्याला तीन हजार पडतील. पण या वरणभातानं माझं वाटोळं केलंय."

वाक्य संपतासंपता माझ्या लक्षात आलं, की वरणभाताला कान नसले तरी तो करणारीला आहेत.

आमची ही सहकारी बँकेत हिशेब तपासनीस आहे. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या आहेत. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे हात धुतले, चष्मा लावला आणि म्हणाली, "अहो, आमच्याकडं तूट निघाली की पहिल्याच दिवशी शिपायाला चोर म्हणत नाहीत. आधी वह्या तपासतात. तुमच्या वह्या आणा."

मी व्यायामाची वही आणली. त्या वहीचं श्रेय ट्रेनरला दिलं पाहिजे. प्रत्येक दिवशी किती वजन, किती वेळा, हे त्यानं मला लिहायला लावलं होतं. हिनं ती उलटसुलट चाळली आणि पहिला प्रश्न टाकला, "तूट खरोखर आहे का? की नुसतं वाटतंय?"

प्रश्न वरवर अपमानाचा होता, पण त्यात अर्थ होता. दोन दिवस वजन जड लागलं म्हणजे प्रगती थांबली असं नाही. शिवाय नवशिक्या माणसाची ताकद सुरुवातीला भराभर वाढते, दर आठवड्याला अडीच किलो चढतात. पुढं तेच अडीच किलो चढायला दोन-तीन आठवडे लागतात. ही मंदी झाली, तूट नव्हे. पण माझ्या वहीत सहा आठवडे एकच आकडा होता, आणि वेळा कमी होत होत्या. शिवाय एकट्या बेंच प्रेसचं हे रडगाणं नव्हतं. खांद्यावर दांडी घेऊन मारायची बैठक साठावर अडली होती, जमिनीवरून दांडी उचलायची डेडलिफ्ट सत्तरावर.

"एकच खातं अडलं असतं तर म्हटलं असतं, तिथल्या कारकुनाची पद्धत चुकतेय," ही म्हणाली. "सगळी खाती एकाच वेळी अडली आहेत. म्हणजे दोष वरच्या ऑफिसात आहे." असं म्हणून तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं.

दुसरी वही वजनाची. मी रोज सकाळी प्रातर्विधी उरकून, चहाच्या आधी काट्यावर उभा राहत असे आणि आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत असे. मात्र त्याचा उपयोग मी फक्त खूश किंवा नाखूश होण्यासाठी करायचो. एका लग्नाच्या पंगतीनंतर वजन एका रात्रीत सव्वा किलो वाढलं तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो. "ते मीठ आणि पाणी," ही म्हणाली. "दोन दिवसांत उतरलं, बघा. रोजचा आकडा ही गर्दी आहे. आठवड्याची सरासरी काढा."

तिनं सात-सात दिवसांची बेरीज करून सातानं भागलं. शेवटच्या चार आठवड्यांच्या सरासऱ्या आल्या बासष्ट पॉइंट एक, बासष्ट पॉइंट पाच, बासष्ट पॉइंट नऊ आणि त्रेसष्ट पॉइंट तीन. दर आठवड्याला चारशे ग्रॅम. स्नायू वाढवायच्या काळात वजन आठवड्याला शरीराच्या पाव ते अर्धा टक्का वाढलं तर पुरे असतं. माझ्या हिशेबानं ते साधारण दीडशे ते तीनशे ग्रॅम. त्यासाठी नेहमीच्या जेवणावर रोज दोन-अडीचशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन पोळ्या आणि वर एक चमचा तूप.

"सरासरी दोन-तीन आठवडे जागची हलली नसती, तर मी मान्य केलं असतं की तुम्हांला खायला कमी पडतंय," ही म्हणाली. "दोन पोळ्या वाढवल्या असत्या आणि पुन्हा दोन आठवडे वाट पाहिली असती. पण इथं जमा भरपूर आहे. किंबहुना जास्तच आहे. हे जास्तीचं कुठून येतंय?"

मी डब्यातल्या डिंकाच्या लाडवांबद्दल मौन पाळलं. आकडा अडल्यापासून ताकद यावी म्हणून मी रोज दोन लाडू खात होतो. ते कुठं गेले हे पायजम्याच्या नाडीला ठाऊक होतं; जुलैमध्ये ती इंचभर पुढं सरकली होती. ताकद अडलेली असताना नुसतं खाणं वाढवलं, तर जी वाढ दंडात व्हायची ती पोटात होते, हे मी प्रयोगानं सिद्ध केलं होतं.

"मग प्रोटीन!" मी शेवटचा किल्ला लढवायला घेतला. "भरलं असेल पोट. पण त्यात प्रोटीन कुठंय? ट्रेनर म्हणतो दीडशे ग्रॅम लागतं."

हिनं कॉलेजातल्या चिरंजीवांना पाचारण केलं. त्यानं खोलीतूनच आवाज दिला, की किलोमागं एक पॉइंट सहा ग्रॅम हा चांगला धरण्याजोगा आकडा आहे, फार तर दोन पॉइंट दोनपर्यंत जावं, त्यापुढं नुसते पैसे जातात. म्हणजे माझ्या त्रेसष्ट किलोंना साधारण शंभर. स्वयंपाकघरातला काटा आला आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच वरणाची मोजदाद झाली.

इथं मात्र मी थोडा जिंकलो. मी मनात एका वाटी वरणाचे पंधरा ग्रॅम धरत होतो. पण प्रोटीन डाळीत असतं, वाटीत नसतं. आमच्या वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ पंचवीस ग्रॅम, बाकीचं पाणी आणि हळद. म्हणजे प्रोटीन फक्त साडेपाच ग्रॅम. दोन वाट्यांचं अकरा. सहा पोळ्यांचं वीस, मटकीच्या उसळीचं नऊ, दिवसभराच्या दुधाचं दहा, दह्याचं पाच, मूठभर शेंगदाण्यांचं आठ, पनीरच्या चार तुकड्यांचं नऊ, भाताचं सात आणि भाजीबिजीचं तीन. बेरीज ब्याऐंशी.

"अठरा ग्रॅमची तूट!" मी ओरडलो. "सापडला की नाही चोर?"

"तूट आहे," तिनं कबूल केलं. खऱ्या तपासनिसाचं लक्षण हे, की स्वतःच्या खात्यातली तूटही ती लाल शाईनं लिहिते. "उद्यापासून सोयाबीनच्या वड्या करते. चाळीस ग्रॅम कोरड्या वड्यांत वीस ग्रॅम निघतात. तीन हजारांचा डबा नको. पण मला एक सांगा. जानेवारी ते जून तुम्ही काय खात होता?"

"हेच."

"इतकंच?"

"इतकंच. लाडू सोडून."

"मग याच वरणभातावर तुमची दांडी विसाची पंचेचाळीस झाली. जे तेव्हाही असंच होतं, ते आताच बंद पडण्याचं कारण कसं होईल? बदललं काय ते शोधा."

मी गप्प झालो. बँकेत गफला करणाऱ्यांचं काय होत असेल याची मला त्या रात्री कल्पना आली.

तिसरी वही विश्रांतीची. ती अस्तित्वातच नव्हती. मी तोंडी जबाब दिला, "झोप भरपूर आहे. साडेदहाला आडवा होतो, साडेपाचला उठतो. सात तास."

"हा ढोबळ नफा झाला," ही म्हणाली. "निव्वळ किती?"

आणि इथं माझ्या डोक्यात ट्यूबलाइट लागायला लागली. जुन्या ट्यूबसारखीच ती आधी दोनदा लुकलुकली आणि मग पेटली. नाना साताऱ्याहून आमच्याकडं आले जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. वहीतली शेवटची प्रगती जूनच्या मध्याची.

नाना रात्री दोनदा उठतात. एकदा एकच्या सुमारास आणि एकदा साडेतीनला. दिवाळीच्या प्रकारानंतर त्यांना एकटं बाथरूमला जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. हिनं आणि मुलानं 'आम्हीही उठतो' म्हटलं होतं, पण मी बाणेदारपणे नकार दिला होता. माझे वडील, मीच उठणार. बरं, काम पाच मिनिटांचं असतं, पण नाना त्या वेळी पूर्ण जागे होतात. मग साताऱ्याच्या शाळेतले हेडमास्तर निघतात, अठ्ठेचाळीस सालचा पाऊस निघतो, मला "झोप तू" म्हणत ते पुढची गोष्ट सुरू करतात. पाऊण तास जातो. अंथरुणात परत आल्यावर हेडमास्तर माझ्या डोक्यात आणखी वीस मिनिटं शाळा घेतात. हिनं बेरीज केली. सातातून दोन तास वजा. निव्वळ झोप पाच तास, तीही तीन तुकड्यांत. आणि साडेपाचला उठून हा गृहस्थ आठवड्यातून चार दिवस, जीव जाईपर्यंत दांडी उचलायला निघालेला.

व्यायामानं ताकद वाढत नाही, हे मला तेव्हा उमजलं. व्यायाम फक्त अर्ज करतो. मंजुरी नंतर, खाण्यातून आणि झोपेतून मिळते. मी काय केलं होतं, तर मंजुरी देणारं ऑफिस बंद ठेवून अर्जांची संख्या वाढवली होती. 'अजून एक, अजून एक' करत प्रत्येक फेरीत दम संपेपर्यंत उचलायचं, वर चौथा दिवस. थकवा साठत गेला आणि त्याच्याखाली असलेली ताकदही दिसेनाशी झाली. पहिल्या वेळी पाच आणि तिसऱ्या वेळी तीन, ही त्याचीच खूण होती. सरावाचं चाळीस किलोसुद्धा सकाळी जड लागायचं, ही दुसरी.

हिनं अहवाल लिहून फ्रिजवर लावला. एक, लाडू रोज एक. दोन, वड्या आठवड्यातून पाच दिवस. तीन, रात्रीच्या पाळ्या लागतील; दोन रात्री माझ्या, दोन हिच्या, दोन मुलाच्या, आणि रविवारी मुलाचा मोबाइल काढून घेतल्यास त्याचीच. चार, जिमचे पुन्हा तीनच दिवस. शेवटचं कलम तिनं ट्रेनरशी स्वतः बोलून घातलं. एक आठवडा वजन चाळीसच्या खाली आणि फेऱ्या निम्म्या. त्यानंतर प्रत्येक फेरीत अजून दोनदा उचलता येईल असं वाटत असतानाच दांडी ठेवून द्यायची. ट्रेनर तिच्यासमोर फक्त "हो काकू, हो काकू" एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून 'अजून एक' निघालं नाही.

एक शेवटची ओळ तिनं तळाला लिहिली होती, 'महिन्याभरात फरक न पडल्यास रक्त तपासणे.' शाकाहारी माणसाचं बी-बारा, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांनीही माणूस असाच ढेपाळतो, आणि तिथं वड्या किंवा पाळ्या काही करू शकत नाहीत. पण ती वेळ आली नाही.

पहिली मोकळी रात्र मी जागाच होतो. साडेतीनला पलीकडच्या खोलीत हेडमास्तर सुरू झाले आणि आमच्या चिरंजीवांचा "मग काय झालं, आजोबा?" असा आवाज आला. मला जरा असूयाच वाटली. या गोष्टी माझ्या होत्या, असं उगीचच वाटून गेलं. मग झोप लागली ती थेट साडेपाचला गजर होईपर्यंत.

हलका आठवडा मला फार जड गेला. बाजूला कॉलेजची पोरं शंभर-शंभर उचलत असताना सदतीस किलो उचलून घरी जायला धैर्य लागतं. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात पंचेचाळीस किलो पाच-पाच-पाच झालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात सहा-सहा-पाच. आणि गणपतीच्या आदल्या सोमवारी ट्रेनरनं दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची, बशीएवढी चकती सरकवली. साडेसत्तेचाळीस. दांडी छातीपर्यंत आली, क्षणभर तिला जुनी सवय आठवली, पण मुक्काम न करता ती वर गेली. पाच वेळा. वजनाची सरासरीही आता आठवड्याला दोनशे ग्रॅमवर आली होती आणि नाडी पूर्वपदावर.

मी घरी येऊन हिला आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग वरणभाताची माफी मागा." मी वाटीपुढं हात जोडले. तेव्हापासून वरण जरा घट्ट होतं, हेही नोंदवलं पाहिजे. तपास दोन्ही बाजूंनी लागू पडला होता.

परवा पहाटे माझी पाळी होती. नाना कमोडवरून उठताना गुडघ्यातून गेले आणि खाली बसले. मी आवाज न करता त्यांच्या मागं गेलो, डेडलिफ्टला शिकवतात तसं कंबर वाकवण्याऐवजी गुडघे वाकवले, काखेतून हात घालून त्यांना अंगाशी धरलं आणि पायांनी उठलो. नाना उभे. वॉचमन नाही, वरच्या मजल्यावरचा मुलगा नाही. माझी छाती अशी धडधडत होती, की ती दांडीला कधी धडधडली नव्हती. कारण दांडी कण्हत नाही आणि ती निसटली तरी तिचं काही मोडत नाही.

नानांनी भिंतीला हात लावला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "जमलं की रे तुला."

मी बाही दुमडणार होतो, पण अंगात बनियन होता.

"पण फार हुरळू नकोस," नाना पलंगाकडं जाता जाता म्हणाले. "दिवाळीला मी अठ्ठावन्न होतो. आता बावन्न आहे. तुझ्या त्या वहीत हेही लिही."

सकाळी मी ते लिहिलं. हिनं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि काही बोलली नाही. त्या दिवसापासून वजनाच्या काट्यावर सकाळी आम्ही दोघं उभे राहतो, आधी नाना आणि मग मी. नानांच्या रकान्यात पुढं जमेच्या बाजूला तिनं डिंकाचा एक लाडू मांडला आहे. तो माझ्या वाट्याचा होता.